पेंटरमामांचं अपील

माझे मामा दुकानांच्या पाट्या रंगवतात. त्यामुळे की काय, त्यांना बारीक अक्षरात काहीच बोलता येत नाही. शिंक आली तरी मामा "मेलो" म्हणतात.

मामींच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. विम्याचे पैसे आले की दुसऱ्याचं, असं ठरलं होतं. आला तो नकार. मामांनी त्याचा तिरका फोटो काढून मला पाठवला, सोबत स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचाही: 'चोरांनो! दहा वर्षं माझी बायको गुडघा धरून रडली, तेव्हा कुठे मेला होतात? भाच्या, याचं पत्र कर. झणझणीत.'

फोटो मोठा करून वाचला. दुखणं पॉलिसीच्या आधीचं होतं आणि ते लपवलं, म्हणून दावा नामंजूर. पॉलिसी चार वर्षांपूर्वीची. मी फोन लावला.

"मामा, हे दहा वर्षांचं त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच! भरती करताना डॉक्टरांनी विचारलं. दोन वर्षं म्हटलं असतं तर लक्ष दिलं असतं का कुणी?"

"मग खरं किती?"

मागून मामींचा आवाज आला, "दोनच रे. यांना दोन म्हणायला लाज वाटते."

मग मी पत्र लिहिलं. दावा क्रमांक, नकाराची तारीख, पहिल्या तपासणीची चिठ्ठी, तेव्हाचा एक्स-रे, भरतीच्या वेळची नोंद ऐकीव माहितीवर केली होती असं सर्जनचं पत्र, आणि पॉलिसीआधी आजार असल्याचा वैद्यकीय पुरावा दाखवा, ही विनंती. रागाचा एक शब्द ठेवला नाही. चिठ्ठीतल्या दहा वर्षांना तर हातही लावला नाही.

मामांनी वाचलं. "हे काय, शाळेला सुट्टी मागतोयस का?"

"सही करा आणि तक्रार विभागाला पाठवा. बस्स."

त्यांनी सही केली, पाठवलंही. महिन्याभरात उत्तर आलं. या वेळी मामींनी फोटो काढला, सरळ आणि स्वच्छ. 'सर्जनचं पत्र पश्चातबुद्धीने मिळवलेलं दिसतं, कारण अर्जासोबत जोडलेल्या स्वहस्ताक्षरातील चिठ्ठीत विमाधारक स्वतःच दहा वर्षांचं दुखणं मान्य करतात. नकार कायम.'

मी धावत त्यांच्या घरी गेलो. "चिठ्ठी जोडलीत?"

मामा खिडकीकडे बघत म्हणाले, "तुझ्या पत्रात दम नव्हता रे."

हसावं की त्यांचं डोकं फोडावं, कळेना. "अजून विमा लोकपालाकडे जाता येतं," मी म्हणालो, "पण आता आधी त्या चिठ्ठीचा खुलासा द्यावा लागेल. 'मी वाढवून बोललो' असं लिहून खाली सही करायची."

"म्हणजे मी खोटारडा?"

"हो," मामी म्हणाल्या.

त्या भिंतीला धरून उठल्या, ऑपरेशन न झालेल्या गुडघ्यावर भार न देता टेबलापर्यंत गेल्या आणि कागद-पेन आणून मामांपुढे ठेवलं.

मामा कोऱ्या कागदाकडे बघत बसून राहिले. मामी उभ्याच होत्या. बसा म्हणायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झाली नाही.