काकांनी लिहिलेलं कारण

काका वाईट माणूस असते ना, तर हे सांगायला मला सोपं गेलं असतं. पण ते तसे नाहीत. आमच्या लॉन्ड्रीत रुग्णालयांच्या चादरी आणि गाऊन येतात. मी धुलाईची सुपरवायझर, काका इस्त्रीचे. कुणाचा हात भाजला तर आपला डबा उघडा टाकून मलम शोधत फिरणार. नव्या पोरीला इस्त्रीच्या रोलरवर चादर कशी लावायची ते दहादा दाखवतील, आवाज म्हणून चढणार नाही. काकू म्हणतात, "यांना राग येतो तो फक्त माझा."

त्यांना एकच खोड. माणूस कामाला लागला की आठवडाभरात त्याला नाव पाडायचं. ते नाव मग सगळ्या लॉन्ड्रीचं होऊन जायचं. 'राजा' त्यांनीच पाडलं आणि 'मिरची'ही त्यांनीच; दोघंही त्यांच्याच इस्त्री विभागातले.

राजा चहाला काकांच्या शेजारी बसणार, त्यांचे जुने किस्से पुन्हा पुन्हा ऐकणार आणि प्रत्येक वेळी नव्यानं हसणार. मिरची चहा घेता घेताच म्हणायची, "काका, तिसऱ्या रोलरची पट्टी कधी बदलणार? की मी घरून शिवून आणू?" त्यावर काका आमच्याकडे बघून डोळे मिचकावायचे, "लागली का तिखट?"

वरच्या जागेसाठी तिचं नाव दोनदा पुढे आलं होतं. दोन्ही वेळा काका म्हणाले, "अजून तयार नाही," आणि विषय संपला. काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. यंदा काका निवृत्त होणार होते, त्यांचीच जागा भरायची होती. मिरचीनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, या वेळी नाही झालं तर मी चालले. दुसरीकडे शून्यापासून सुरुवात करीन, पण इथे नाही."

यंदा कर्मचारी विभागाच्या बाईंनी पद्धतच बदलली. निकष चार: सुरक्षितता, कामाचा दर्जा, नव्यांना शिकवणं, आणि कामाची पाळी सांभाळणं. प्रत्येक निकषात कमी म्हणजे काय, चांगलं म्हणजे काय, हे लिहून कागद सूचनाफलकावर लावला, तोही निवडीच्या कितीतरी आधी. आम्ही सुपरवायझरांनी आपापल्या माणसांना स्वतंत्रपणे गुण द्यायचे, प्रत्येक गुणाखाली स्वतः पाहिलेला प्रसंग लिहायचा, आणि मग सगळ्यांनी एकत्र बसून ते तपासायचे. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं, म्हणजे त्यांचा कल बघून कुणी मान डोलावू नये.

काका भडकले. "माणूस ओळखायला कागद लागतो होय? हे केस काय उन्हानं पांढरे झालेत?"

बैठकीत पहिला नंबर माझाच लागला. माझ्या एका माणसापुढे मी 'मेहनती' लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "मेहनती म्हणजे तुम्ही त्याला काय करताना पाहिलंत?" मी ततपप करायला लागले. काका गालातल्या गालात हसले. हसा म्हटलं, तुमचीही पाळी येणारच आहे!

ती आली. काकांनी कागदावरही आपली पाडलेली नावंच लिहिली होती. सुरक्षिततेच्या खाली राजाला सर्वांत वरचे गुण दिले होते. मोठ्यानं वाचलं, "रोलरची संरक्षक दांडी बिघडली असताना काम थांबवलं. ठाम स्वभाव, जबाबदारीची जाणीव." मग पान उलटून मिरचीचं वाचलं, "रोलरची संरक्षक दांडी बिघडल्याचं सांगून काम अडवलं. उद्धट, हट्टी." गुण सर्वांत खालचे.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. काकांना अजून काही जाणवलेलं नव्हतं. ते चष्मा पुसत होते.

धुतलेला माल रुग्णालयांना परत पाठवणारा सुपरवायझर म्हणाला, "काका, दोघांनी केलं तर एकच की."

"केलं एकच हो, पण बोलण्यात फरक आहे ना! ती मला तोंडावर म्हणाली, 'हात गेला तर तुमचा देणार का काढून?' ही काय बोलायची रीत झाली?"

"आणि राजा काय म्हणाला होता?" बाईंनी सहज विचारलं.

"तो..." काका थांबले. मला ते वाक्य पाठ होतं, सगळ्यांनाच होतं. काकांनीच आम्हाला कौतुकानं चहावर सांगितलं होतं. "तो म्हणाला, 'काका, माझा हात गेला तर आई तुमचा काढून घेईल.'"

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आज कुणी हसलं नाही. काकांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. माझी मान आपोआप खाली गेली. एवढ्या वर्षांचा माणूस, मला त्यांच्याकडे बघवेना.

बाईंनी आवाज चढवला नाही. निकषाचा कागद पुढे सरकवला. 'धोका ओळखून काम थांबवतो किंवा थांबवते' हे सर्वांत वरच्या पायरीसमोर लिहिलेलं होतं. दोघंही तिथेच बसत होते. शिकवण्याच्या निकषात मिरचीपुढे रकाना कोरा. "अहो, नव्या पोरी सगळ्या तीच तयार करते," काका पुटपुटले, "म्हणून लिहायचं सुचलंच नाही." राजानं शिकवल्याचा प्रसंग एकच होता. दर्जात मात्र राजा सरस निघाला, त्याच्या हातची चादर क्वचितच परत यायची. ते गुण तसेच राहिले. कुणाला वर चढवायला कुणाला खाली ओढायचं नव्हतं.

काकांनी स्वतःच्या हातानं गुण बदलले आणि का बदलले ते शेजारी लिहिलं. शेवटी साहेब बोलले, आणि जागा मिरचीला मिळाली.

निकाल दोघांनाही कारणांसकट काकांनीच सांगायचा होता. सोबत दुसऱ्या विभागाचं कुणी हवं, म्हणून मी. राजानं मान खाली घालून ऐकलं. "शिकवण्यात कमी पडलो ना? पुढच्या वेळेपर्यंत बघतो काका," म्हणाला, आणि गेला. बिचारा. त्यालाही कुणी आधी हे सांगितलंच नव्हतं.

मग मिरची आली. हात ओले, केसांना रुमाल. काकांनी कागद वाचून दाखवला. एकेक प्रसंग, एकेक गुण. मला वाटलं, आता हसेल, निदान रडेल तरी. ती सगळं ऐकून म्हणाली, "बरं. आणि गेल्या दोन वेळची कारणं?"

"तेव्हा लिहायची पद्धत नव्हती ग."

"लिहिलं नाही ते कळलं. पण काहीतरी असेल ना? मी घरी जाऊन आरशात बघायचे काका, माझ्यात काय कमी आहे म्हणून. नवरा म्हणायचा, तोंड जरा आवर. सासू म्हणायची, जास्त उडू नकोस. तुम्ही तरी सांगा, काय कमी होतं?"

काका तिच्याकडे बघू शकले नाहीत. बाहेर रोलर फिरत होते. "काही नव्हतं," ते म्हणाले. "तू मला आवडत नव्हतीस, एवढंच. चुकलो ग मी. लाज वाटते मला माझी."

मी म्हटलं, आता ही म्हणेल, जाऊ द्या काका. आपल्याकडे तसंच म्हणतात. ती म्हणाली नाही.

"मग तेच लिहून द्या," ती म्हणाली. "यंदाचं लिहिलंत ना? तसंच. खाली सही."

काकांनी कागद घेतला. दोन्ही वेळा बढती नाकारली, कारण काही नव्हतं, असं लिहून सही केली. आणि कागद देताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारायला तोंड उघडलं.

त्यांना ते आठवेना. मग तिनंच ते सांगितलं, कागद घेतला आणि रोलरवर परत गेली.