रबरबँडमधले बारा

रोह्याजवळच्या अष्टमी गावातलं आमचं औषधांचं दुकान मुळात ह्यांचं. मीही फार्मसी शिकलेली, पण मालाचा हिशोब ह्यांच्याकडे आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. हे गेले आणि दोन्ही माझ्या गळ्यात पडलं.

ह्यांची एक पद्धत होती. दम्याचा पंप आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो, दिवसाला साधारण तीन. पेणच्या स्टॉकिस्टला फोन केला की चौथ्या दिवशी गाडी येते. तीन चोक बारा. म्हणून खणाच्या मागच्या बाजूला बारा पंप रबरबँड लावून ठेवायचे. पुढचे संपले आणि रबरबँडला हात लागला की आधी फोन, मग विक्री. वही नको, कॉम्प्युटर नको. शेवटचा पंप जायच्या सुमाराला गाडी दारात. मी कौतुकाने बघायचे आणि वर चिडवायचेही, "लग्नातसुद्धा इतकं मोजून वागला नव्हतात."

हे गेल्यावर मी दुकानातलं बरंच बदललं. बारा मात्र बदलले नाहीत. तो आकडा ह्यांचा होता, त्याला हात लावायला माझा जीव धजत नव्हता. खरं सांगायचं तर मी त्याची पूजाच मांडली होती.

त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी रबरबँड सुटला. मी लगेच फोन केला. पण सणाला मुंबईहून माणसं गावी आलेली, हवा दमट, कुणी पंप घरीच विसरून आलेला. दिवसाला चार-चार जायला लागले आणि तिसऱ्या दिवशी खण रिकामा झाला. तिकडे हायवेवर वडखळला सणाची गर्दी, पेणच्या गाडीच्या फेऱ्याच लांबलेल्या. चौथा दिवस गेला, गाडी आली नाही.

पाचव्या दिवशी जवळच्या निडी गावच्या काकी आल्या. दर महिन्याला यायच्या, पिशवी काउंटरवर ठेवायच्या आणि न विचारता म्हणायच्या, "दे गो पोरी, माझा पंप." पंप आहे का, असं त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं.

"काकी, पंप नाही. गाडी आली नाही."

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "नाय? तुझ्याकडं नाय? माझा तर काल सरला गो."

मी पुलापलीकडे रोह्यातल्या दोन दुकानांची नावं सांगितली. दम वाढला तर थेट सरकारी दवाखान्यात जा, असंही बजावलं. त्या "व्हय, व्हय" करत उन्हात निघाल्या. एका दुकानाचा माल आमच्याच स्टॉकिस्टकडून यायचा, तिथेही खडखडाट. दुसऱ्याचं शटर गौरीसाठी बंद. पूल चालून जाताना आणि येताना त्यांचा दम इतका वाढला की स्टँडवरच्या माणसांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने सांगितलं. गाडी त्याच सकाळी, सहाव्या दिवशी, आली होती आणि माझ्यामागे खण पंपांनी भरलेला होता.

त्या आठवड्यात मी जुनी बिलं काढून बसले. पंप सगळ्यात जास्त कधी गेले? एका दिवशी पाच. फोन केल्यावर गाडी यायला सगळ्यात जास्त दिवस? सहा. पाच सक तीस. ह्यांचे बारा हे सरळ दिवसांचे होते: विक्री नेहमीची आणि गाडी वेळेवर. दोन्ही एकदम बिघडलं तर काय, याची तरतूद त्यांत नव्हतीच. हे होते तोवर निभावलं, कारण सण जवळ आला की हे रबरबँडची वाट न बघता आधीच फोन करायचे. ते मी दर सणाला बघत होते आणि माझ्या लक्षात राहिला फक्त आकडा. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि रडूही.

आता रबरबँडमध्ये तीस असतात. जुन्या तारखेचे पुढे, नवे मागे. तिसांतल्या पहिल्याला हात लागला की फोन. एरवी गाडी येते तेव्हा अठराएक शिल्लकच असतात, आणि स्टॉकिस्टचा माणूस हसतो, "मॅडम, कशाला पैसे अडकवता?" अडकू देत. त्या तिसांत ह्यांचे बारा आहेतच. वरचे अठरा माझे.

काकी बऱ्या झाल्या. अजून आमच्याकडेच येतात, पण निडीहून निघायच्या आधी फोन करतात.

"पंप हाय ना गो?"

"आहे, काकी."

"नक्की हाय?"

मी उठते, खणापाशी जाऊन मोजते आणि मग सांगते.