तांबडा दिवा

कपिल खरातला नवव्या वर्षी गोवर निघाला आणि त्यात त्याचे डोळे गेले. त्यानंतर त्याचं सगळं शिक्षण, नोकरी, संसार बोटांवर आणि कानांवर झाला. सांगलीत गरजूंना कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या एका संस्थेत तो चौदा वर्षं टंकलेखक होता. संस्था चालवणाऱ्या नीलिमा मॅडम पत्रांचा मजकूर मोबाइलमध्ये बोलून ठेवायच्या. तो एका कानाला रेकॉर्डिंग लावून टाइप करायचा आणि पत्र संपलं की पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरकडून एकदा वाचून घ्यायचा. चौदा वर्षांत त्याच्या पत्रावर कुणी लाल शाई फिरवली नव्हती, हे तो बायकोला वर्षातून एकदा तरी सांगायचा.

फेब्रुवारीत मात्र त्याची बोटं दगा द्यायला लागली. निदान त्याला तसंच वाटलं.

टाइप केलेलं ऐकताना शब्द अर्धवट निघायचे. ‘तपासणी’ची ‘तपाणी’ व्हायची, कुठं काना गळायचा, कुठं वेलांटी. तो परत जाऊन दुरुस्त करायचा. पूर्वी दिवसाला वीस पत्रं व्हायची, आता बारा होईनात. घरी तो एकटा बसून बोटांनी नाणी चाचपायचा, एक रुपया कुठला, दोन रुपये कुठले. ओळखायचा सगळी. तरी भीती जाईना. वडिलांना साखर होती आणि शेवटी त्यांच्या हातापायांना काही कळत नव्हतं. कपिलनं कुणाला न सांगता रक्त तपासून घेतलं. साखर निघाली नाही. मग बोटांना झालंय काय, हे कोडं आणखीच अवघड झालं.

“कपिल, तुमच्यावर ताण येतोय,” एक दिवस मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला. “सोमवारपासून तुम्ही फोनवर बसा. पत्रं अंकिता करेल.”

तो “बरं” म्हणाला.

सोमवार उजाडला, तारीख दोन मार्च. अकराच्या सुमारास दारात कुबड्यांचा आवाज आला आणि मागोमाग एका म्हातारीचा. “आवं, कुणी हाय का? आमाला आज बोलावलंय.”

पाटणच्या वरच्या वाडीतली दगडाबाई होती, नवऱ्याला घेऊन आलेली. सयाजीचा उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला. पहाटे निघून तीन गाड्या बदलल्या होत्या. माप घेणारा तंत्रज्ञ पुण्याहून महिन्यात दोनदा यायचा, बारा तारखेला आणि सव्वीसला. मॅडमनी पत्र हातात घेऊन वाचलं. मग म्हणाल्या, “यात दोन मार्च लिहिलंय. बारा पाहिजे होतं.”

पत्र त्याचंच होतं. शब्द मोडला तर कानाला कळतो. पण ‘बारा मार्च’च्या जागी ‘दोन मार्च’ ऐकू आलं तर त्यात मोडलेलं काय असतं?

“मावशी, चूक माझी आहे,” तो उभा राहून म्हणाला. “मी टाइप केलंय हे.”

“चुकलं तर चुकलं,” सयाजी कुबडी भिंतीला टेकवत म्हणाला. “पर ह्यो पाय घेऊन परत यायचं म्हंजी...”

मॅडमनी बारा तारखेचं नवं पत्र लगेच द्यायला सांगितलं. अंकिता झेरॉक्सला गेली होती, म्हणून कपिलच जुन्या जागी बसला. दगडाबाई शेजारच्या खुर्चीवर. या वेळी रेकॉर्डिंग नव्हतं. त्यानं मुद्दाम दाबलेलं प्रत्येक अक्षर संगणकानं लगेच बोलायची सोय चालू केली. एरवी दोन्ही आवाज कानात गोंधळ करतात म्हणून ती बंद असायची. एक दाबला, आवाज आला नाही. पुन्हा दाबला. “एक.” दोन दाबला. “दोन.” बोट नीट टेकलं होतं, बटण खालपर्यंत गेलं होतं, याची त्याला शपथेवर खात्री होती.

“लेकरा, त्यो तांबडा दिवा कशापायी लुकलुकतोय?” दगडाबाई म्हणाली.

“कुठला दिवा?”

“ह्या तुज्या फळीवर. वरच्या कोपऱ्यात. आन् बटनांच्या खालनं समदा निळा उजेड हाय की. लय झ्याक दिसतंय.”

कपिलचे हात जागच्या जागी थांबले. हा वायरलेस कीबोर्ड जानेवारीत आला होता. जुन्याला दोन सेल लागायचे. सेल उतरले की त्याचीही बटणं गळायची, पण तो पालथा करून झाकण सरकवायचा, स्प्रिंगकडची बाजू बोटानं शोधून नवे सेल घालायचा आणि दोन मिनिटांत कामाला लागायचा. सेलची डबी त्याच्या खणात असायची. सेल आणायची कटकट नको, म्हणून आत बॅटरी बसवलेला हा नवा घेतला. तो चार्ज करावा लागतो, एवढं त्याला सांगितलं होतं, किती दिवसांनी ते नाही. पण चार्जिंग संपत आलं की फक्त दिवा लागतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि बटणांखालचा तो उजेड महिनाभर बॅटरी खात बसला होता, ज्याला त्याचा काडीचा उपयोग नाही अशा माणसासमोर.

त्यानं मॅडमना बोलावलं. “मी एकपासून नऊपर्यंत दाबतो. तुम्ही बोट बघा आणि कानानं ऐका.”

एक, दोन, चार, पाच, सात, आठ, नऊ. तीन आणि सहा आलेच नाहीत. बोट मात्र दोन्हींवर पडलेलं मॅडमनी पाहिलं.

चार्जिंगची वायर सापडली जयराजच्या टेबलावर. तो हिशेबनीस, मोबाइलला लावून बसला होता. “मला वाटलं जास्तीची आहे,” तो ओशाळून म्हणाला. वायर जोडली, अंकितानं बटणांचा उजेड बंद केला. थोड्या वेळानं नऊच्या नऊ आकडे आले, तीनदा आले. दगडाबाईला बारा तारखेचं पत्र मिळालं आणि मॅडमनी त्या दोघांसाठी एसटी स्टँडपर्यंत रिक्षा बोलावली.

बोटं शाबूत होती. कपिलला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं ते जेमतेम पाच मिनिटं.

“महिन्यात किती पत्रं गेली?” त्यानंच विचारलं.

एकशे चाळीस. रेकॉर्डिंग सगळी ठेवलेली होती. दोन दिवस तो ऐकत राहिला आणि अंकिता पत्रांच्या प्रतींतून तारखा वाचत राहिली. दगडाबाईचं सोडून आणखी चार ठिकाणी आकडा गळाला होता. तिघांच्या खऱ्या तारखा अजून यायच्या होत्या, त्यांना फोन झाले. चौथं पत्र खंडाळ्याकडच्या साळूबाईचं. सव्वीस फेब्रुवारीच्या जागी सहा फेब्रुवारी, आणि पत्र टाकलं होतं चौदाला.

तिच्या घरचा नंबर कपिलनं स्वतः लावला. सुनेनं उचलला. “तारीख हुकल्यावर कागद आला आमाला,” ती म्हणाली. “आत्याबाईंना वाटलं, त्यांचं नाव कटलं. लय रडल्या. कवाधरनं वाट बघत हुत्या.”

“नाव आहे,” कपिल म्हणाला. “बारा मार्च. एकावर दोन, बारा. माझ्या हातून चुकीचं पत्र गेलं, ताई.”

मग ती म्हणाली, “आता त्या तयार हुतील का, सांगता येत न्हाई. इच्यारते.”

मॅडमनी त्याला फोनवर बसवायचा निर्णय मागे घेतला. कपाटातून जुना, सेलचा कीबोर्ड काढून दिला. पण यापुढं प्रत्येक पत्रावरची तारीख अंकिता डोळ्यांनी तपासणार होती, आणि त्याला नाही म्हणायला कपिलकडे तोंड नव्हतं. त्यानं नवे सेल घातले, झाकण बसवलं. आता तो आकडा टाइप केला की थांबायचा, तो कानावर पडेपर्यंत पुढचं बटण दाबायचा नाही.

बारा तारखेला दगडाबाई आणि सयाजी वेळेवर आले. साळूबाई आली नाही. संध्याकाळी कपिलनं तिच्यासाठी सव्वीस मार्चचं पत्र टाइप करायला घेतलं.