लग्नाआधीचं नाव

जन्मनोंदणी कार्यालयातून निवृत्त झाल्या तरी चारुलताबाईंची नोंदवह्यांतून सुटका झाली नाही. बेलापूरच्या घरी बसून त्या लोकांच्या वंशावळीचे तक्ते भरून देत. साताऱ्याकडच्या हौसेरावांच्या आजीची, वेणूबाईंची, जन्मनोंद तीन दिवस सापडेना. हस्तलिखित पानांचे फोटो वाचून वाचून डोळे शिणले. शेवटी विवाहनोंदीत दिसलं: वधू हिरा, लग्नानंतर वेणू. मग जन्माच्या वहीत त्याच बापाची हिरा लगेच मिळाली.

“कोन हिरा? आमची आजी वेणू हाय की!” हौसेराव फोनवर म्हणाले.

“सासरी नाव बदललं हो त्यांचं,” बाई थकल्या आवाजात म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी मुलानं, निशांतनं, गेल्या वर्षी केलेला घरचा तक्ता उघडला. त्यात त्यांच्याच नावापुढं लिहिलं होतं: आई. लग्नाआधीचं नाव: माहीत नाही.

निशांत शेजारच्याच खोलीत राहतो.