आर-सातची रिकामी जागा

चंद्रकांता मेहेर पालघरजवळच्या माहीमहून सकाळी सव्वासातला निघते. पालघरपर्यंत शेअर रिक्षा, तिथून बोईसरची एसटी, आणि मग एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर पंधरा मिनिटं पायपीट. एकतीस वर्षं. सुरुवातीला ती वाटेत वाचायची, नंतर झोपायची, आता नुसती बसते. घरच्या दोन होड्या भाऊ चालवतो. आईने तिला सुकटीच्या ओट्यावर बसवायचं ठरवलं होतं, ती हट्टाने आयटीआयला गेली. आता मान दुखते तेव्हा ती मनाशी म्हणते, ओट्यावरही मान अशीच वाकवावी लागली असती.

काम कारखान्यांतल्या मशीनची बिघडलेली इलेक्ट्रॉनिक सर्किट कार्डं दुरुस्त करायचं. वर्कशॉप धर्मेशभाईंचं. एका गाळ्यात दोन टेबलं, एक ऑसिलोस्कोप, आणि भिंतीला लागून खोक्यांमध्ये मेलेली कार्डं. नवीन मशीनची कार्डं कुणी दुरुस्त करत नाही, ती बदलतात. जुनी मात्र चंद्रकांताकडे येतात, कारण त्यांचे बनवणारे कधीच बंद पडले.

त्या मंगळवारी साडेनऊला विपुल आला. साबणाच्या पावडरीची पाकिटं भरणाऱ्या एका कारखान्याचा तो मेंटेनन्स इनचार्ज. त्याने टेबलावर तळहाताएवढं कार्ड ठेवलं.

"मॅडम, हे फक्त चेक करून द्या. आणि लेटरहेडवर दोन ओळी, कार्ड ओके म्हणून. चारला चौकशी आहे."

"कसली?"

"पाच नंबरवरच्या ऑपरेटरची. गोमा. झाकण उघडून आत हात घातला, मशीन चालूच. पाकीट दाबून बंद करणारा जबडा खाली आला. हातमोज्याचं टोक गेलं, बोट वाचलं. दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं म्हणून. ते बटण थेट पॉवर तोडतं."

"झाकण उघडल्यावर थांबलं का नाही?"

"स्विचला लोहचुंबक लावलं असणार. स्विचला वाटतं झाकण बंदच आहे. सगळेच लावतात, काम भरभर होतं. हा म्हणतो मी नाही लावलं. चुंबक सापडलं नाही, पण फेकायला किती वेळ लागतो? आम्ही लगेच झाकणं उघडून पाहिली. मशीन झटकन थांबलं. म्हणजे सर्किट ठीक आहे आणि माणूस खोटा आहे. कंत्राटदार त्याला कायमचं घरी बसवणार."

चंद्रकांताने कार्ड जिगला, म्हणजे टेबलावरच्या तपासणीच्या चौकटीला, लावलं. स्विच दाबला, आउटपुट वर. सोडला, आउटपुट खाली. झीरो पॉइंट दोन व्होल्ट. एकदम साफ. पत्र लिहायला तिने पेनचं टोपण काढलं आणि सवयीने कार्ड एकदा उलटं केलं.

आर-सात या जागी एक रेझिस्टर होता. दोन पॉइंट दोन किलोओहम. त्याच्या तारा मागच्या बाजूला एकाच दिशेला वाकवून कापल्या होत्या. तशा तारा बोईसरमध्ये एकच व्यक्ती वाकवते.

तिने पेनला टोपण लावलं.

"विपुल, अशी आठ कार्डं आहेत ना? आठवं काढून आणता येईल?"

"पाच नंबर सोडून लाइन चालू आहे मॅडम. तुम्हीच चला."

धर्मेशभाई चहाचा कप घेऊन आले. "शूं थयुं, काय झालं, चंद्राबेन?"

"आपण ही रिकामी जागा भरलीय."

"मग? बरोबर केलं. विसरलात? चार वर्षांपूर्वी एका कंपनीच्या परचेसवाल्याने कार्ड परत पाठवलं होतं, पार्ट मिसिंग लिहून. तेव्हापासून आपला नियम आहे, रिकामी जागा ठेवून कार्ड बाहेर जाणार नाही."

"नियम मीच पाळला," ती म्हणाली. पिशवीत मीटर, कटर आणि सोल्डरची गन टाकली.

कारखान्यात पावडरीचा वास घशात बसतो. लाइनवर आठ ठिकाणं, प्रत्येकावर पारदर्शक झाकण, प्रत्येक झाकणामागे एक कार्ड. आठही कार्डांचे आउटपुट एकाच तारेला जोडलेले. ती तार मुख्य पॅनेलमध्ये जाते.

जुन्या डिझाइनरने मशीन साधं ठेवलं होतं. प्रत्येक कार्डाचा आउटपुट ओपन कलेक्टर, म्हणजे त्याला दोनच गोष्टी येतात: तार जमिनीकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढणं, नाहीतर सोडून देणं. वर ढकलणं त्याला येत नाही. तार वर न्यायला पाच व्होल्टपासून तारेपर्यंत एक रेझिस्टर लागतो, त्याला पुल-अप म्हणतात. झाकण बंद असलं की कार्ड तार सोडतं. आठही जणांनी सोडली तरच तार वर जाते आणि मशीन चालतं. एकानेही ओढली की तार खाली, मशीन बंद. वेगळी चिप न लावता, नुसत्या तारा बांधून हे जमतं, म्हणून त्याला वायर्ड अँड म्हणतात.

यात रेझिस्टर एकच हवा. तो आठव्या कार्डावर होता. बाकी सात कार्डांवर जागा छापलेली होती, पण मुद्दाम रिकामी सोडलेली.

लाइन जेवणासाठी थांबली तेव्हा चंद्रकांताने पाचवं कार्ड जागेवर बसवलं आणि एकेक कार्ड टॉर्चने पाहिलं. दोन, तीन, पाच, सहा, सात. पाचही ठिकाणी तिचीच सोल्डर. आठव्यावर मूळचा. एकूण सहा.

"सहा रेझिस्टर एकाला एक समांतर," ती विपुलला म्हणाली. "बावीसशे भागिले सहा, तीनशे सदुसष्ट ओहम. एक असताना तार खाली ओढायला दोन मिलिअँपिअर लागायचे. आता साडेबारा. कार्डावरची चिप आठ मिलिअँपिअरची खात्री देते, त्यापुढे नाही."

"पण आम्ही पाहिलं तेव्हा थांबलं होतं."

"किती झाकणं उघडली होती?"

"आठही. सकाळी हवा मारून साफ करतो, तेव्हा सगळी उघडतो. टेस्टही तीच."

"आठ जणांनी मिळून ओढलं तर येणारच खाली. प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिलिअँपिअर. एकट्याला ओढायला लावा."

गोमा दारापाशी उभा होता. डोंगराकडचा, तिशीच्या पुढचा. चौकशीसाठी बोलावलेला, म्हणून गेटवरून आत सोडलेला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पट्टी.

"गोमादादा, पाच नंबरचं झाकण उघड. हात आत नको."

"मी नाय उघडत," तो म्हणाला. "मग बोलाल, आता पन चुंबक लावला."

"मग विपुल उघडेल. तू फक्त बघ."

पाकिटांची रीळ काढून मशीन रिकामं चालू केलं. मीटरचा काळा प्रोब जमिनीला, लाल तारेला. विपुलने एक नंबरचं झाकण उघडलं. मशीन थांबलं. त्याने चंद्रकांताकडे पाहिलं. "बघा."

"ती चिप दणकट असेल. पाच."

पाचवं झाकण उघडलं. जबडा वर गेला, खाली आला, वर गेला. मशीन चालत राहिलं. मीटर एक पॉइंट सहा व्होल्टवर.

"तार झीरो पॉइंट आठ व्होल्टच्या खाली असेल तर पॅनेल तिला खाली मानतं, दोनच्या वर असेल तर वर," ती म्हणाली. "मधल्या जागेत ते काहीही मानू शकतं. आज वर मानतंय."

विपुलने लाल बटण दाबलं आणि हात तिथेच ठेवला.

"कुणी भरले हे?" त्याने विचारलं.

"मी."

"मॅडम, असं नका बोलू. जुनं मशीन आहे म्हणून..."

"जुनं आहेच. पण हे मी केलंय. जिगवर कार्ड एकटं असतं, तिथे त्याला रेझिस्टर लागतोच. तिथे पास झालं की मी समजायचे, झालं."

तिने कटर काढला. सहाही कार्डांवरचे रेझिस्टर कापले, आठव्यासकट. कार्ड बदललं की रेझिस्टर त्याच्याबरोबर निघून जातो, किंवा वाढतो. म्हणून तो पॅनेलमध्ये, तार जिथे पोचते तिथे, एकच लावायचा.

किती ओहमचा, हे तिने पाकिटाच्या पुठ्ठ्यावर मांडलं. खालची मर्यादा अशी: एकट्या चिपने पुल-अपचा करंट आणि पॅनेलच्या इनपुटचा झीरो पॉइंट चार मिलिअँपिअर, दोन्ही मिळून आठच्या आत ओढले पाहिजेत. म्हणजे साधारण सहाशे ओहमच्या खाली जायचं नाही. वरची मर्यादा गळतीची: सोडून दिलेली चिपही थोडा करंट गळू देते, डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त शंभर मायक्रोअँपिअर. आठ चिपा, वर इनपुटचा थोडासा, तरी तार, दोनवर थोडी सूट धरून, दोन पॉइंट चार व्होल्टच्या वर राहिली पाहिजे. म्हणजे तीन किलोओहमच्या वर जायचं नाही. मूळचा बावीसशे या दोन्हींच्या मध्ये बसत होता. पण तार लांब, शेजारी मोटरच्या केबल. रेझिस्टर जितका मोठा तितकी तार शेजारच्या विजेच्या गोंधळाने हलते आणि वर चढायला वेळ घेते. तिने एक किलोओहम लावला. एकूण करंट पाच मिलिअँपिअर. आठच्या पुष्कळ आत.

"आता?" विपुलने विचारलं.

"आता एकेक झाकण. एका वेळी एकच."

एक, दोन, तीन, चार. चारही वेळा मशीन थांबलं. मीटर झीरो पॉइंट तीनच्या आसपास. पाचव्याला विपुलने हात पुढे केला तर गोमा मध्ये आला.

"मी उघडतो."

त्याने डाव्या हाताने झाकण उचललं आणि उजवा पाठीमागे धरला. जबडा अर्ध्यावर थांबला. त्याने झाकण लावलं, मशीन सुरू करायला लावलं, पुन्हा उघडलं. पुन्हा. सहाव्यांदा विपुल म्हणाला, "अरे बस की."

"तुमी एकदाच बघितला," गोमा म्हणाला. "मला बघू द्या."

त्याने दहा वेळा उघडलं. कुणी अडवलं नाही.

सहा, सात आणि आठवरही मशीन थांबलं. साडेतीनला धर्मेशभाईंचा फोन आला. ती पॅनेलपाशी स्टुलावर बसून पत्र लिहीत होती.

"चंद्राबेन, लिहा की मशीनचं डिझाइन जुनं होतं. खोटं नाही ते."

"तेही लिहिते. तार तुटली तरी हे मशीन चालू राहील, स्वतंत्र सेफ्टी रिले बसवा, हेही लिहिलंय. पण रेझिस्टर आपण घातले, ते पहिल्या ओळीत आहे."

"कंपनी जाईल आपल्या हातची."

"जाईल."

"स्पेलिंग बघून लिहा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चौकशी वीस मिनिटांत संपली. चंद्रकांताला बाहेर बाकावर बसवलं होतं, आत बोलावलं नाही. पत्र आत गेलं. गोमा बाहेर आला तेव्हा कंत्राटदाराचा माणूस त्याच्या पुढे चालत होता, मागे न बघता.

"कामावर ठेवला," गोमा म्हणाला. "पन पाचवर नाय. खाली बॉक्स भरायला."

"का?"

"कंत्राटदार बोलला, तिकडे तुला भीती वाटेल." तो बोटाची पट्टी चाचपत होता. "बाई, तुमीच ते घातलं होतं ना?"

"हो."

"मग बोलला कशाला? आमाला तर कुणाला कळला नसता."

चंद्रकांताने पिशवी खांद्याला लावली. याला उत्तर द्यायचं तर बरंच बोलावं लागलं असतं, आणि पावणेपाचची एसटी चुकली असती. "पाचवं कार्ड माझ्या हातातून गेलं होतं," एवढंच म्हणाली.

ती कंपनी पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. सेफ्टी रिले बसवला की नाही, हे तिला कळलं नाही. विपुलला तिने दोनदा विचारलं, तो म्हणाला, कोटेशन वर गेलंय.

वर्कशॉपमध्ये एक बदल झाला. कार्ड आलं की ती आधी त्याचा फोटो काढते, आणि आल्या वेळी जी जागा रिकामी होती तिच्यावर पांढऱ्या कागदाची चिकटपट्टी लावते. त्यावर बारीक अक्षरात लिहिते: ही जागा रिकामीच ठेवावी. गेल्या आठवड्यात एका परचेसवाल्याने चिकटपट्टीसकट कार्ड परत पाठवलं, पार्ट मिसिंग म्हणून. धर्मेशभाईंनी ते तिच्या टेबलावर ठेवलं. तिने नवी चिकटपट्टी कापली, तेच पुन्हा लिहिलं, खाली सही केली आणि कार्ड तसंच परत पाठवलं.