मशेरीच्या डब्यातलं माप

औषधाच्या बाटलीवर प्लास्टिकचं छोटं माप असतं ना, ते आमच्या घरात बाटलीवर कधी टिकलंच नाही. सासूबाई ते काढून मशेरीच्या डब्यात टाकायच्या. मशेरी काढायला बरं पडतं म्हणे. नवी बाटली आली रे आली, की माप डब्यात.

तेव्हा आम्ही कारेगावात राहायचो. मी कंपनीत पॅकिंगला. पोरगी नुकती बोलायला लागलेली, ती तापली. डॉक्टरांनी तापाचं पातळ औषध दिलं. मापाची पाचची रेघ बघून द्यायचं, दोन डोसांत सहा तास जाऊ द्यायचे. मी सासूबाईंना रेघ दाखवली, माप बाटलीवर दाबून बसवलं आणि कामावर गेले. सासूबाई नुसतं 'व्हय, व्हय' करत होत्या.

दोन दिवसांनी कामावरून घरी आले तर पोरगी मलूल, सारखी ओकत होती. फळीवर आणखी एक बाटली. पोरगी खोकते म्हणून सासूबाईंनी मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणलेली, सर्दी-ताप-खोकल्याची. मी दहावी शिकलेली. दोन्ही बाटल्यांवरचं बारीक अक्षर लावून वाचलं. दोन्हीत पॅरासिटामॉल! आणि दोन्हीवर माप नाही. शेजारी आमटीचा चमचा, औषधानं चिकट झालेला.

पोरीला आणि दोन्ही बाटल्या घेऊन शिरूरला डॉक्टरांकडं गेलो, आमचे मालक आणि सासूबाईही बरोबर होत्या. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध, किती, कशानं दिलं. पोरीला तातडीनं पुण्याला हलवायचं का, ते त्यावरच ठरणार होतं. सासूबाई म्हणाल्या, "तापाचंच दिलं. आन् मापानं." मालकांनी माझा दंड दाबला. म्हणजे गप बस.

का म्हणून गप बसू?

"मापं मशेरीच्या डब्यात हायेत, डॉक्टर. दोन्ही औषधं आमटीच्या चमच्यानं दिलीत."

डॉक्टर लगेच उठले. पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हर धरतं, सुरुवातीला वरून काही दिसत नाही आणि उतारा वेळेत द्यावा लागतो, म्हणाले. तिथूनच गाडी केली. पुण्यात रक्त तपासलं, लिव्हरला मार लागलाच होता. उताऱ्याचं सलाईन लावलं. पोरगी वाचली.

घरी आल्यावर औषधाचं नाव कुणी काढलं नाही. सुनेनं सासूला डॉक्टरपुढं खोटं पाडलं, एवढंच पाहुण्यारावळ्यांत फिरलं. मालक महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. आणि मापं? मशेरीच्या डब्यातच. माझी नुसती आग व्हायची.

पोरगी आजीच्या मांडीवर हेच ऐकत वाढली. आता तिचंही लग्न झालंय. परवा माहेरी आली तेव्हा विषय निघाला. म्हणाली, "आई, काही झालं तरी आजीला चारचौघांत तसं बोलायला नको होतंस तू."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. जिवंत होती, म्हणून बोलत होती.