शिवण आणि वण

आमच्या व्हिडिओ गेमच्या स्टुडिओत त्यांना सगळे त्रिकोणराव म्हणत. माझं टेबल त्यांच्या शेजारीच असल्यामुळे मीही म्हणायची, अगदी तोंडावर. ते नुसते चष्म्यावरून बघायचे आणि परत कामाला लागायचे. माणूस भला, पण कामाच्या बाबतीत असा हट्टी की दगडाला पाझर फुटेल, यांना नाही.

काम सांगायला सोपं होतं. कॅमेऱ्यांनी टिपलेला चेहरा कॉम्प्युटरमध्ये येतो तो चाळीस लाख बारीक त्रिकोणांच्या जाळीचा, आणि गेममध्ये चालतात आठ हजार. बाकीचे काढायचे, तेही कुणाला कळू न देता. त्रिकोणरावांचं टूल ते आपोआप करायचं. दोन कोपरे एकत्र करून एकच ठेवला, तर तो नवा कोपरा आजूबाजूच्या जुन्या पृष्ठभागांपासून किती लांब पडतो? त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज म्हणजे चूक. जिथे चूक सगळ्यांत कमी, तिथे आधी कात्री.

पण चेहऱ्याचा रंग म्हणजे कापून सपाट पसरलेला फोटो. तो परत चढवला की कापाच्या जागी शिवण येते. ती शिवण हलली की कानाचा रंग मानेवर! म्हणून त्रिकोणरावांनी शिवणीच्या कडेकडेने न दिसणाऱ्या उभ्या भिंती घातल्या होत्या. कोपरा तिथून सरकला की चूक भरमसाट वाढायची. बाह्यरेषेचंही तसंच. नाक, हनुवटी, कपाळ, जे कुठल्याही बाजूने कडेला दिसतं, त्याला जास्तीचं वजन. त्रिकोण मात्र आठच हजार. एकीकडे जपायचं म्हणजे दुसरीकडे सोडायचं, हे गणित त्यांनीच मला शिकवलं होतं.

टूलच्या पहिल्या चाचणीला त्यांनी बायकोलाच आणून बसवलं. चमक मारू नये म्हणून मी वहिनींच्या तोंडाला पावडर फासली. "एवढी थापताच आहात, तर हा कांजण्यांचा वणही बुजवा की," त्या हसत म्हणाल्या. डाव्या की उजव्या गालावर, हे मी तेव्हा लक्षातही ठेवलं नाही. माझी मलाच चीड येते.

निकाल झकास लागला. मूळ आणि हलकी, अशा दोन्ही फाइली बारा बाजूंनी शेजारी शेजारी लावल्या. फरक दाखवा म्हणून त्यांनी अख्ख्या ऑफिसला आव्हान दिलं. कुणालाच सापडला नाही. ते इतके खूश झाले की मूळ फाइल डिस्कवर जागा अडवते म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

दोन वर्षांनी वहिनी गेल्या. आठ दिवसांचं दुखणं, बस.

वहिनींच्या आईला बरीच वर्षं दिसत नव्हतं. लेकीचा फोटो त्यांच्या काय उपयोगाचा! त्रिकोणरावांनी त्या हलक्या फाइलवरून थ्रीडी प्रिंटरवर खऱ्या मापाचा चेहरा छापून घेतला, रंगीत. कडा स्वतः घासून मऊ केल्या. खोका धरायला मी सोबत गेले.

आजींनी चेहरा मांडीवर घेतला. बोटं कपाळावरून नाकावर आली, तिथून हनुवटीवर. "हो. तिचंच नाक," त्या म्हणाल्या, आणि त्रिकोणरावांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. मग अंगठा डाव्या गालावर गेला आणि तिथेच फिरत राहिला. एकदा, दोनदा, पाचदा.

"वण कुठे गेला?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिळाएवढा उथळ खड्डा. ना शिवणीवर, ना बाह्यरेषेवर, ऐन गालाच्या मधोमध. तो बुजवला तर चूक नगण्य, म्हणजे कात्री तिथे पहिल्याच फेरीत चालली असणार. रंगात उरला असता, पण रंगावर माझी पावडर होती.

"मी करून आणतो, आई," त्रिकोणराव म्हणाले. "नक्की कुठे होता तेवढं दाखवा."

आजींनी त्यांचं बोट हातात घेतलं आणि त्या गुळगुळीत गालावर एका जागी टेकवलं. "इथे. लहानपणी खाजवू नको म्हणून मी तिचे हात धरून बसायचे. तरी एक खाजवलाच तिने." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला नव्हतं ठाऊक?"

"रोज बघत होतो, आई."

"बघत होता," आजी म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्रिकोणराव बोट तसंच टेकवून बसून राहिले. ते उचललं तर जागा पुन्हा सापडणार नाही, म्हणून मी पर्समध्ये पेन्सिल शोधत होते आणि मला ती काही केल्या सापडत नव्हती.